खिचडी का सुटली आणि परत कशी आली

"मॅडम, लेकरू कायच खाईना. आधी सगळं खात होतं." लहान मुलांच्या आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या सोलापुरातल्या बहुतेक आया अशीच सुरुवात करतात. यातलं दुसरं वाक्य आमच्या दृष्टीनं जास्त कामाचं असतं. ज्या मुलानं सुरुवातीपासून काही नीट खाल्लंच नाही त्याचा रस्ता वेगळा असतो. वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत चवीनं खाऊन मग एकेक पदार्थ सोडत गेलेल्या मुलाचा रस्ता वेगळा. इथे दुसऱ्या प्रकारच्या एका मुलीचं जेवण कसं बिघडलं आणि तिच्या घरच्यांसोबत ते टप्प्याटप्प्यानं कसं मार्गी लागलं ते लिहितो आहोत. घराची ओळख पटेल असं काही यात नाही.

मुलगी सव्वादोन वर्षांची, घरात आई-वडील, आजी-आजोबा आणि काका. दीड वर्षाची होईपर्यंत तिला मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वरण-भात, केळं, पपई, उकडलेलं अंडं, हुग्गी असं सगळं चालायचं. आमच्याकडे आणली तेव्हा यादी पाचवर आली होती: म्हशीचं दूध, ग्लुकोज बिस्किटं, फोडणी नसलेला पांढरा दही-भात, साखर पसरलेली चपाती आणि पाकिटातले बटाट्याचे वेफर्स. खिचडीची वाटी लांबून दिसली तरी ती मान फिरवायची. आजींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली होती, जंताचं औषध देऊन झालं होतं, मेडिकलमधून भुकेचं सिरप आणायचं घाटत होतं.

सगळ्यात आधी वजनाचं कार्ड पाहिलं. अंगणवाडीतून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदी होत्या. जन्मवजन २.८ किलो, पहिल्या वाढदिवसाला ८.६, दुसऱ्याला १०.९ आणि आता ११.२. आईच्या मते वजन वाढायचं थांबलं होतं. कार्डावरची रेघ मात्र हिरव्या पट्ट्यात आपल्या जागी सरळ चालली होती. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, म्हणजे साधारण सहा किलोची भर पडते. दुसऱ्या वर्षात ही भर सव्वादोन-अडीच किलोवर येते, तिसऱ्या वर्षात दोनच्या आसपास. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला की भूकही उतरते. दहा महिन्यांचं असताना वाटीभर खिचडी संपवणारं मूल दोन वर्षांचं झाल्यावर अर्धी वाटी खाऊन उठतं, आणि ते बरोबरच असतं. घोटाळा असा होतो की घरच्यांच्या डोळ्यांपुढे ती जुनी भरलेली वाटीच असते, आणि उरलेली अर्धी वाटी पोटात घालायचे प्रयत्न सुरू होतात. जेवणाची भांडणं बहुतेक घरांत इथूनच सुरू झालेली दिसतात.

मग तीन दिवसांची वही. यात मूल काय खातं यापेक्षा कधी आणि किती खातं हे कळतं. दोन साधे दिवस आणि एक रविवार घ्यायचा, कारण रविवारी घरात माणसं जास्त असतात आणि तोंडात जाणारंही जास्त असतं. घरातली वाटी आधी एकदा पाणी भरून मोजून ठेवायची, म्हणजे "एक वाटी" म्हणजे नेमकं किती ते समजतं. तोंडात गेलं तेवढंच लिहायचं, ताटात वाढलेलं नाही. वेळ, कोणी भरवलं, कुठे बसून, मोबाईल चालू होता का, हेही. आणि चहात बुडवून दिलेलं अर्धं बिस्कीटसुद्धा लिहायचं.

या घरच्या वहीतला एक दिवस असा होता. सकाळी साडेसहाला अंथरुणातच बाटलीनं २४० मिली दूध. साडेसातला आजोबांच्या बशीतल्या चहात बुडवून दोन बिस्किटं. नऊला पोहे वाढले, तोंडात गेले नाहीत. साडेअकराला रडली म्हणून पुन्हा २४० मिली दूध. एकला जेवण: मोबाईल लावून, घरभर मागे फिरून, पन्नास मिनिटांत चार चमचे दही-भात. पाचला शेजारच्या काकूंकडे दोन बिस्किटं आणि वेफर्स, साडेसहाला आणखी दोन बिस्किटं. रात्री आठला चपातीचे तीन-चार घास. दहाला झोपवताना २४० मिली दूध. प्रत्येक बाटलीत दोन लहान चमचे साखर.

याचा हिशेब आईसमोरच मांडला. म्हशीच्या घट्ट दुधाच्या १०० मिलीत साधारण १०० कॅलरी असतात, म्हणजे ७२० मिलीतून सातशेच्या वर. सहा चमचे साखरेच्या सव्वाशेच्या आसपास. लहान ग्लुकोज बिस्कीट एक वीस-पंचवीसचं, अशी सहा. वेफर्स न धरताही बेरीज हजाराच्या जवळ गेली, आणि या वजनाच्या मुलीची दिवसाची गरज साधारण नऊशे ते हजार एवढीच असते. मुलगी उपाशी नव्हतीच. एक वाजता जेवायला बसवायची तेव्हा दीड तासापूर्वीचं पाव लिटर म्हशीचं दूध पोटात असायचं. भूक नसताना कोणी ताट पुढे केलं तर मोठं माणूस नको म्हणून मोकळं होतं. दोन वर्षांच्या मुलाला तेवढी सोय नसते. ते तोंड मिटतं, मान फिरवतं, घास थुंकतं, आणि ज्या पदार्थासाठी हे सगळं रोज घडतं तो पदार्थच त्याला नको होतो.

दूध जास्त झालं की दुसरा धोका लोहाचा. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं बाकीच्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. चहानंही तेच होतं. आणि लोह कमी पडलं की भूक मरते. दूध जास्त, म्हणून जेवण कमी, म्हणून लोह कमी, म्हणून भूक आणखी कमी, आणि भूक नाही म्हणून पोटात निदान काहीतरी जावं यासाठी पुन्हा दूध. हे चक्र जेवणाच्या युक्त्यांनी सुटत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ९.८ आलं. दोन ते पाच वर्षांच्या वयात ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग. डॉक्टरांनी वजनावरून मात्रा ठरवून लोहाचं औषध सुरू केलं. ते दुधासोबत द्यायचं नाही, दूध आणि औषध यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि त्यानं शी काळी होते तेव्हा घाबरायचं नाही, एवढं आईला लिहून दिलं. भुकेचं सिरप तेवढ्यावर थांबवलं. त्यातल्या बऱ्याच औषधांनी मूल सुस्तावतं, आणि औषध बंद झालं की आलेली भूकही जाते.

आता मूळ प्रश्न: सोडायचीच होती तर खिचडीच का, आणि उरली ती हीच पाच का?

साधारण दीड वर्षाच्या पुढे, मूल आपल्या पायांवर घरभर हिंडायला लागतं त्या सुमारास, अनोळखी अन्नाची धास्ती वाढते. ही धास्ती दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते आणि नंतर बहुतेकांची ओसरते. हातात येईल ते तोंडात घालणारं पिल्लू आईपासून लांब जायला लागलं की विषारी पाल्यापासून त्याला वाचवणारी काहीतरी सोय हवीच होती, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून यातला मोठा वाटा आनुवंशिक असल्याचंही दिसलं आहे, त्यामुळे "तुझ्या लाडानं बिघडली" हे आईला ऐकवण्यात अर्थ नाही. (आजींनी मग आपणहून सांगितलं की मुलीचे वडीलही पाच वर्षांचे होईपर्यंत दूध-भाकरीवरच होते.)

या वयातलं मूल चव घ्यायच्या आधी डोळ्यांनीच निकाल देतं. त्याच्या लेखी खिचडी म्हणजे चव नसते, एक ठरलेलं रूप असतं: फिकट पिवळी, एकसारखी मऊ, स्टीलच्या त्या छोट्या वाटीतली. रूप बदललं की आपल्यासाठी ती खिचडीच राहते, त्याच्यासाठी मात्र नवा पदार्थ होतो. या घरात काय काय झालं होतं ते आई आठवून आठवून सांगत गेली. सोळाव्या महिन्यापर्यंत खिचडी छान चालली होती, म्हणून दोन्ही वेळेला रोज तीच. इतकी रोजची झाली की मुलगी थोडी कंटाळली. मग "नुसतं तांदूळ-डाळ काय खायचं, पालेभाजी जायला हवी" म्हणून त्यात मेथी बारीक चिरून, तिच्या नकळत घातली. पिवळ्या खिचडीत हिरवे ठिपके आणि मागाहून कडवट चव. त्याच दिवसांत एकदा ताप आला, जबरदस्तीनं भरवलेली खिचडी उलटून पडली. खाल्ल्यावर उलटी झालेला पदार्थ शरीर लक्षात ठेवतं, कारण तापाचं असलं तरी दोष त्या पदार्थाच्या माथी जातो. हे मोठ्यांतही घडतं. त्यानंतर घरात सगळ्यांना खिचडीच परत आणायची होती, म्हणून रोज तिच्यावरूनच झटापट. कंटाळा, बदललेलं रूप, उलटी आणि जबरदस्ती, चारही एकाच वाटीवर येऊन पडलं.

उरलेल्या पाच पदार्थांकडे याच नजरेनं पाहिलं की त्यांचं काय साम्य आहे ते दिसतं. बिस्कीट रोज तेच असतं: तोच आकार, तोच रंग, तोच कुरकुरीतपणा. वेफर्सही तसेच. दूध त्याच बाटलीतून, त्याच गोडीचं. दही-भात आणि चपाती पांढऱ्या-फिकट, ठिपका नसलेल्या. उलट केळं एक दिवस घट्ट, एक दिवस डागाळलेलं आणि मऊ, पपई कधी गोड तर कधी सपक, आमटीत कधी मोहरी तरंगते तर कधी कढीपत्ता. मोडलेलं बिस्कीट नाकारून "हे नको, दुसरं" म्हणणारं मूल हट्टी असतं असं नाही. त्याच्या ओळखीची वस्तूच तुटलेली असते. त्यात हे पाचही पदार्थ फारसे चावावे लागत नाहीत आणि त्यांच्यावरून घरात कधी भांडण झालेलं नसतं. मूल चवीपेक्षा खात्रीच्या मागे गेलेलं असतं, आणि पदार्थ परत आणायचा तो याच खात्रीच्या वाटेनं.

सुरुवात दुधापासून केली. लक्ष्य दिवसाला ४०० ते ५०० मिली, तेही पेल्यातून आणि जेवणानंतर. एका दिवसात बाटली काढून घेतली असती तर सगळं घर रात्रभर जागं राहिलं असतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक बाटलीतून ३० मिली कमी आणि साखर अर्धा चमचा कमी. सगळ्यात आधी साडेअकराची बाटली संपवली, कारण दुपारचं जेवण तीच खात होती. झोपेची बाटली सगळ्यात शेवटी. बशीतला चहा मात्र पहिल्या दिवसापासून बंद, आणि हे आजोबांनीच मनावर घेतलं. नातीला मांडीवर घेऊन बसायचं ते तसंच राहिलं, फक्त चहा तिच्या उठण्याआधी व्हायला लागला.

सोबत वेळापत्रक. आठला न्याहारी, साडेदहाला काहीतरी छोटं, एकला जेवण, झोपून उठल्यावर साडेचारला खाऊ, साडेसातला रात्रीचं जेवण. मध्ये फक्त पाणी. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास गेले तरच या वयाच्या पोटात भूक तयार होते. जेवण पंचवीस मिनिटांत आवरायचं, खाऊ पंधरा मिनिटांत, आणि वेळ झाली की ताट न बोलता उचलायचं. भिंतीला टेकून खाली बसवलं तरी चालतं, मात्र जागा तीच, आणि घरातलं एक तरी माणूस सोबत जेवणारं. मोबाईल बंद. मोबाईल बघत मूल घास गिळतं, पण काय गिळलं ते पाहत नाही, म्हणून त्या पदार्थाशी ओळख वाढतच नाही. शंभर घास गेले तरी एकशेएकावा अनोळखीच राहतो.

ताट कसं वाढायचं याला एक साधा नियम आहे, आणि तो एलिन सॅटर या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांनी मांडलेल्या वाटणीवर उभा आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे ते मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. प्रत्यक्षात दर ताटात एक तरी खात्रीचा पदार्थ असायलाच हवा, म्हणजे मुलाला ताट पाहून धडकी भरत नाही. त्याच्या शेजारी घरात शिजलेला दुसरा पदार्थ, आणि एका कोपऱ्यात नको असलेला पदार्थ, अर्धा लहान चमचा, त्याहून जास्त नाही. या वयाला एका पदार्थाचं वाढणं म्हणजे वर्षामागे एक मोठा चमचा. दोन वर्षांच्या मुलाला दोन मोठे चमचे भात हे पूर्ण वाढणं झालं. मोठी रास पाहूनच मूल मागे सरतं. लागलं तर ते परत मागतं.

तोंडानं काय बोलायचं हेही आईला सांगावं लागलं, कारण जबरदस्ती फक्त हातानं होत नाही. "एकच घास माझ्यासाठी", "हे खाल्लंस तर वेफर्स देते", "बघ दादा कसा खातो", ही सगळी ओढाताणच. बक्षिसानं तर उलटंच होतं: ज्यासाठी बक्षीस द्यावं लागतं ते वाईट असणार आणि बक्षीस म्हणून मिळतं ते चांगलं असणार, एवढं मुलाला बरोबर कळतं. म्हणून वाक्य एकच ठेवलं: "राहू दे ताटात, नको असेल तर खाऊ नको." खाल्लं तरी टाळ्या नाहीत. शेजारी एक रिकामी वाटी ठेवली, चाखून थुंकायचं असेल तर त्यात. थुंकलेला घास वाया जात नाही, जिभेला त्याची ओळख तेवढी वाढते. नवा किंवा सोडलेला पदार्थ मुलाच्या अंगवळणी पडायला साधारण आठ ते पंधरा वेळा तरी भेट लागते, आणि बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळी होतात.

दुसरा आठवडा सगळ्यात अवघड गेला. दूध कमी झालं होतं आणि जेवण अजून वाढलं नव्हतं. मुलगी चिडचिडी, रात्री दोनदा उठून बाटली मागणारी, आणि वजन दीडशे ग्रॅमनं खाली. आईचा धीर सुटत आला होता. हा टप्पा जवळपास सगळ्या घरांत येतो आणि इथेच बहुतेक जण बाटली परत देतात. त्यामुळे मूल एक पक्का धडा शिकतं: पुरेसं रडलं की दूध मिळतं. मूल खेळतं आहे, ताप नाही, दिवसातून चार-पाच वेळा तरी लघवी होते आहे, तर काही दिवसांच्या कमी जेवणानं काळजी करायचं कारण नसतं. याच आठवड्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुलीला तीन-तीन दिवसांनी कडक शी होत होती. भरपूर दूध आणि चोथा नसलेलं अन्न यांत हे व्हायचंच, पण आतडं भरलेलं असलं की भूक लागत नाही, आणि शी करताना दुखतं म्हणून मूल ती धरून ठेवतं. डॉक्टरांनी मऊ शीचं औषध दिलं, आम्ही पाण्याच्या वेळा ठरवून दिल्या. पोट साफ व्हायला लागल्यावर चार-पाच दिवसांतच तिनं आपणहून चपाती मागितली.

खिचडी परत आणायची तर आधी दोन-अडीच आठवडे खिचडीचं नावच काढायचं नाही, असं ठरलं. वाटीही बदलली. मग जे ती खात होती त्याच्यापासून निघालो. पहिल्या पायरीवर दही-भातातलं दही वेगळ्या वाटीत आणि मऊ भातावर नुसतं तूप-मीठ. हे तिनं तिसऱ्या वेळेला खाल्लं. दुसऱ्या पायरीवर तीन चमचे तांदळात एक चमचा पिवळी मूगडाळ, चौपट-पाचपट पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या, हळद नाही. दिसायला तो भातच. तिसऱ्या पायरीवर दोनास एक प्रमाण आणि चिमटीची हळद, त्यामुळे रंग फिकट पिवळा. चौथ्या पायरीवर जिऱ्याची फोडणी, पण जिरं भाजून पूड करून घातलेलं, मोहरी आणि कढीपत्ता नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची: रंग किंवा पोत किंवा वास. एक पायरी तीन-चार वेळा निर्धास्त खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि लागोपाठ दोनदा नाकारली तर एक पायरी खाली यायचं. चौथ्या पायरीचा भात खाताना तिनं आपणहून "खिच्ची" म्हटलं. घरच्यांना हसू आवरेना, पण कोणी काही बोललं नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं.

भाकरीची वाट चपातीवरून काढली. साखरेऐवजी गूळ-तूप, मग तीन भाग गव्हाच्या पिठात एक भाग ज्वारीचं पीठ, मग दोन्ही निम्मं-निम्मं. त्यापुढची पायरी आजींनी सुचवली आणि ती आमच्या यादीतल्या कशाहूनही सरस होती: तव्यावरून उतरलेल्या टम्म फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा, त्याला लोणी लावून. पातळ, मऊ, एका रंगाचा, आणि स्वतःच्या हातानं सोलायला मिळणारा. वेफर्सची जागा कडक भाकरीच्या पापडासारख्या पातळ तुकड्यांनी घेतली, कारण तिला वेफर्समधलं मीठ जेवढं हवं होतं त्याहून जास्त तो कुरकुर आवाज हवा होता. हे दाढा आलेल्या मुलालाच, बसवून आणि समोर बसून द्यायचं, पळता पळता कधीच नाही. शेंगाचटणी घरात होतीच, पण तिखट आणि लसणाची. तिच्यासाठी भाजलेले शेंगदाणे, जिरं आणि किंचित मीठ अशी बिनतिखटाची बारीक पूड वेगळी केली आणि तूप लावलेल्या चपातीवर पाव चमचा भुरभुरली. (अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो.)

या सगळ्यात एकदा माशी शिंकली. वरण-भात सुरू होऊन आठवडा झाला होता. काकांनी कुठेतरी वाचून पालकाची पेस्ट वरणात मिसळली, तिला कळू न देता. रंग किंचित बदलला, तिनं एक घास घेतला, वाटी ढकलली, आणि पुढचे दहा दिवस वरणाला हात लावला नाही. लपवून घातलेली भाजी पोटात जाते तोवर फायद्याची वाटते. पकडली गेली की भाजीसोबत तो खात्रीचा पदार्थही जातो, आणि ज्याच्याकडे पाचच खात्रीचे पदार्थ आहेत त्याचं एक गेलं तरी पाचवा भाग जातो. पालेभाजी द्यायची ती उघडपणे, वेगळी, कोपऱ्यात अर्धा चमचा.

खात्रीचा पदार्थ झिजू नये म्हणूनही एक काळजी घ्यावी लागते. खिचडी परत आली म्हणून दोन्ही वेळेला खिचडी सुरू केली असती तर ती दोन महिन्यांत पुन्हा सुटली असती. कोणताही पदार्थ लागोपाठच्या दोन दिवशी तोच आणि तसाच द्यायचा नाही. तोच द्यावा लागला तर काहीतरी बारीक बदलायचं, म्हणजे चपातीचा आकार किंवा वाटी, तुपाऐवजी लोणी. मुलाला रूपातल्या छोट्या बदलाची सवय लागते आणि पुढचा मोठा बदल कमी टोचतो.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये यात फेरफार करावा लागतो. चाळिशी पार केलेल्या उन्हात दुपारचं जेवण मोठ्यांनाही जात नाही. तेव्हा मुख्य जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला ठेवायचं, दुपारी नुसता ताक-भात किंवा ज्वारीची आंबील. दुपारी कमी खाल्लं म्हणून उन्हाळ्यात कोणतीच नवी पायरी सुरू करायची नाही, आधीच्या पायऱ्या टिकल्या तरी पुरे.

एक महिन्यानं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमनं वाढलं, म्हणजे औषध लागू पडत होतं. ते डॉक्टरांनी पुढेही चालू ठेवलं, कारण आकडा सुधारल्यावर शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दूध ४०० मिलीवर होतं, बाटली गेली होती, वजन ११.७, आणि यादीत खिचडी, वरण-भात, भाकरी, केळं, पपई, धपाटं, हुलग्याचं पातळ माडगं असे एकूण सोळा पदार्थ होते. केळं गोल चकत्या करून दिलं तर खाते, अख्खं दिलं तर अजूनही नाही.

प्रत्येक मुलाचं असं सुटत नाही, आणि कुठे थांबून दुसरीकडे जायचं हे घरच्यांना माहीत हवं. वजनाची रेघ कार्डावर आडवी झाली किंवा खालच्या पट्ट्यात उतरली. पदार्थ दहाच्या आत आले आणि हे सगळं करूनही सोडलेला एकही महिनोन्‌महिने परत येत नाही. घट्ट काहीच चालत नाही, चावता येत नाही, प्रत्येक घासाला ओकारी किंवा ठसका येतो. मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खातं. हाक मारली तरी वळून बघत नाही, बोलत असलेले शब्द बोलेनासं झालं. यातलं काहीही असलं तर पायऱ्या आणि वेळापत्रक पुरेसं नाही. माती खाण्यामागे बहुधा लोहाची कमतरता सापडते. चावण्या-गिळण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट लागतो. हाकेला न वळणाऱ्या, शब्द हरवलेल्या मुलाची विकासाची तपासणी लगेच करून घ्यायची असते. स्वमग्न मुलांत खाण्याचा असा आखडूपणा नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र असतो आणि "मोठं झालं की खाईल" म्हणत थांबण्यात मोलाची वर्षं जातात.

या मुलीत यातलं काही नव्हतं. तिचं अंडं मात्र अजून बाकी आहे. उकडलेल्या अंड्याच्या वासानंच ती उठून जाते, म्हणून तिकडे तूर्त फिरकायचं नाही असं ठरलं आहे. आधी मूगडाळीचं धिरडं बसवायचं, मग दोन धिरड्यांच्या पिठात एक चमचा फेटलेलं अंडं, तिच्यासमोर फोडून आणि तिलाच ढवळायला देऊन.